H(n) − ln n एका ठरावीक संख्येकडे जातं, हे पक्कं कसं दाखवायचं?

कातरवेळ

नमस्कार मंडळी. H(n) म्हणजे 1 + 1/2 + 1/3 + … + 1/n ही बेरीज. ती कितीही मोठी होऊ शकते हे मला ठाऊक आहे, आणि ln n सुद्धा कुठे थांबत नाही. तरी या दोघांची वजाबाकी एका जागी स्थिरावते. त्या वजाबाकीला a(n) म्हणूया. मी थोडी आकडेमोड करून पाहिली:

n = 1 : १
n = 2 : ०.८०६९
n = 10 : ०.६२६४
n = 100 : ०.५८२२
n = 1000 : ०.५७७७

आकडा उतरतोय आणि उतरण्याचा वेग मंदावतोय, हे दिसतंच आहे. पण नुसत्या दिसण्याला सिद्धता म्हणता येत नाही. माझ्याकडच्या पुस्तकात तीन ओळींत सगळं उरकलंय. प्रत्येक ओळ वेगळी वाचली तर पटते, पण मूळ शंका जात नाही: हे उतरणं कधीतरी थांबलंच पाहिजे अशी सक्ती कुठून येते? दहा हजाराव्या पदानंतर अगदी सावकाश, पण सतत घसरत a(n) शून्याच्याही खाली का जाऊ नये? कोणी नीट उलगडून सांगेल का?

भिंगरी

यात फार काही नाहीये. लागोपाठच्या दोन पदांची वजाबाकी घ्या:

a(n) − a(n+1) = ln(1 + 1/n) − 1/(n+1)

n वाढत गेला की उजवीकडच्या दोन्ही गोष्टी शून्याकडे जातात. म्हणजे शेजारशेजारची पदं एकमेकांना चिकटत चालली. पदं चिकटत चालली की लिमिट आलंच. झालं काम.

उंबरठा

भिंगरी, तुमचं सूत्र बरोबर आहे आणि पुढे तेच लागणार आहे. पण त्यावरून लिमिटवर घेतलेली उडी चालत नाही, आणि ती का चालत नाही याचं उदाहरण याच प्रश्नात बसलेलं आहे. H(n) कडेच पाहा. H(n+1) − H(n) = 1/(n+1), हेही शून्याकडेच जातं. तुमचा नियम खरा असता तर H(n) सुद्धा कुठेतरी थांबली असती, आणि ती थांबत नाही. कातरवेळ यांची भीती नेमकी हीच आहे: पावलं लहान होत जातात, तरी चालणारा कुठल्याही अंतरापलीकडे पोचू शकतो.

तेव्हा पावलं लहान होतात एवढं पुरत नाही, किती झपाट्याने लहान होतात हे पाहावं लागतं. a(n) चं १० वरून ११ वर जातानाचं पाऊल ln(1.1) − 1/11, म्हणजे सुमारे ०.००४४०. १०० वरून १०१ वर जातानाचं सुमारे ०.००००४९३. n दहापट झाला आणि पाऊल जवळजवळ नव्वदपटीने घटलं. याच अंतरात H(n) चं पाऊल जेमतेम नऊपट घटतं. सगळा फरक इथे आहे.

आता हे पक्कं करायचं तर ln(1 + 1/n) हे 1/n पेक्षा लहान असतं एवढं वापरा. मग

a(n) − a(n+1) < 1/n − 1/(n+1)

उजवीकडच्या वजाबाक्या n पासून पुढे बेरजेत घेतल्या की मधलं सगळं एकमेकांना खातं आणि उरतं फक्त 1/n. म्हणजे १००० व्या पदानंतर a(n) कितीही पुढे गेला तरी एकूण घसरण ०.००१ च्या वर जाऊ शकत नाही. ०.५७७७ वरून तो ०.५७६७ च्या खाली कधीच येणार नाही. शून्य तर फार लांब राहिलं.

कातरवेळ

उंबरठा, खूप आभार. एकूण घसरणीवरच मर्यादा येते हे आत्ता पहिल्यांदा कळलं. पण अजून एक विचारते. ln(1 + 1/n) हे 1/n पेक्षा लहान आणि 1/(n+1) पेक्षा मोठं, हे पाठ आहे, पण डोळ्यांसमोर येत नाही.

उंबरठा

मग चित्रच काढा. माझ्या मते या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट ते चित्रच आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

y = 1/x हा वक्र 1 पासून उजवीकडे काढा. 1 ते 2 या पट्टीवर 1 उंचीचा आयत उभा करा, 2 ते 3 वर 1/2 उंचीचा, 3 ते 4 वर 1/3 उंचीचा, असं n ते n+1 पर्यंत. प्रत्येक आयताची रुंदी 1, म्हणून सगळ्यांचं मिळून क्षेत्रफळ H(n). वक्र प्रत्येक आयताच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातून आत शिरतो आणि खाली उतरत जातो. वक्राखालचं 1 ते n+1 पर्यंतचं क्षेत्रफळ ln(n+1). मग आयतांमधून वक्राखालचा भाग काढून टाकला की प्रत्येक पट्टीवर एक तिरका काप उरतो, वरून सपाट आणि खालून वक्राने कापलेला. या सगळ्या कापांची बेरीज म्हणजे H(n) − ln(n+1). हिला b(n) म्हणू.

आता करायची गोष्ट एकच. प्रत्येक काप आपल्या उंचीवरच ठेवून आडवा डावीकडे सरकवा, आणि सगळे 0 ते 1 या एकाच रकान्यात आणा. पहिला काप 1 आणि 1/2 या उंचींच्या मध्ये बसतो. दुसरा 1/2 आणि 1/3 च्या मध्ये, तिसरा 1/3 आणि 1/4 च्या मध्ये. कोणीच कोणावर चढत नाही, कारण एका कापाचा तळ जिथे संपतो तिथेच पुढच्याचा माथा सुरू होतो. आणि हा सगळा रकाना म्हणजे 1 × 1 चा चौरस. म्हणून कितीही काप घेतले तरी बेरीज 1 च्या वर जाऊच शकत नाही.

दर खेपेला एक नवा काप भर घालतो, म्हणून b(n) चढती आहे, आणि चौरस तिला 1 च्या आत ठेवतो. चढती आणि वरून बंदिस्त, म्हणजे तिला लिमिट आहे. a(n) आणि b(n) मधला फरक ln(n+1) − ln n, म्हणजे ln(1 + 1/n), आणि तो शून्याकडे जातो. म्हणून a(n) लाही तेच लिमिट. हीच ती संख्या, γ, सुमारे ०.५७७२१५६६४९.

चित्रातून आणखी एक गोष्ट मिळते. रकान्यातला प्रत्येक काप ज्या लहान आयतात बसतो त्याचा कर्ण काढा. वक्र आतल्या बाजूला वाकलेला असल्याने कर्णाच्या खालून जातो, म्हणून वरचा काप आपल्या आयताच्या निम्म्याहून थोडा जास्त भरतो. सगळे मिळून चौरसाच्या निम्म्याहून थोडे जास्त. म्हणजे एकही दशांश न काढता कळलं की γ ही संख्या १/२ पेक्षा मोठी आणि १ पेक्षा लहान आहे.

चकवा

काय सुरेख आहे हे! मी आत्ताच कागदावर काढून पाहिलं. रकान्यात सरकवण्याची युक्ती कधी वाचली नव्हती.

थोडी इतिहासाची भर. ही संख्या ऑयलरने १७३४ च्या लेखात पहिल्यांदा मांडली. मास्केरोनीने १७९० मध्ये तिची ३२ दशांश स्थळं दिली, पण त्यातली पहिली १९ च बरोबर निघाली. १८०९ मध्ये सोल्डनरने काढलेली किंमत त्याच्याशी जुळेना, तेव्हा ते लक्षात आलं. तरी नावात मास्केरोनी राहिलाच, आजही लोक ऑयलर–मास्केरोनी स्थिरांक म्हणतात.

तळटीप

माझं मत थोडं वेगळं आहे, कारण मी हे चालवून पाहिलंय. माझ्या प्रोग्राममध्ये बेरीज चक्क थांबते. १५.४० च्या आसपास येते आणि पुढे हलतच नाही. त्यामुळे H(n) कितीही वाढते हे मला मान्य नाही, आणि a(n) तर सरळ ऋण येतोय:

```
import numpy as np
s = np.float32(0)
for k in range(1, 10**7 + 1):
    s += np.float32(1) / np.float32(k)
print(s, s - np.log(10**7))
```

उत्तर साधारण १५.४०३७ आणि −०.७१४४. एक कोटी पदं घेतली आहेत, कमी नाहीत. कातरवेळ यांना जी शंका होती की a(n) शून्याखाली जाईल, ते इथे घडलेलं दिसतंय.

भिंगरी

तळटीप, पण वर सिद्ध झालंय ना की a(n) ०.५७६७ च्या खाली जाऊच शकत नाही? मग दोष प्रोग्राममध्येच असणार.

(उंबरठा, H(n) चं उदाहरण पटलं. आता पावलांचा वेग पाहिल्याशिवाय लिमिटबद्दल बोलणार नाही.)

उंबरठा

भिंगरी, अगदी बरोबर. असमानतेचा हा मोठा उपयोग आहे: उत्तर ऋण आलं की यंत्रावर शंका घ्यायची, गणितावर नाही.

तळटीप, तुमचं निरीक्षण खरं आहे आणि त्याचं कारण नेमकं सांगता येतं. float32 मध्ये ८ ते १६ च्या दरम्यानच्या संख्या 2^−20 च्या अंतराने मांडलेल्या असतात. त्यामधलं काहीही साठवता येत नाही, जवळच्या संख्येला गोळाबेरीज होते. बेरीज १५ च्या पुढे असताना तुम्ही 1/k मिळवता आणि 1/k या अंतराच्या निम्म्याहून लहान असेल, तर उत्तर पुन्हा जुन्याच संख्येवर येतं. हे k = 2^21 ला, म्हणजे २०,९७,१५२ ला सुरू होतं. त्यानंतरची सुमारे ७९ लाख पदं तुमच्या बेरजेत पडलीच नाहीत. ln n मात्र वाढत राहिला, म्हणून वजाबाकी ऋण.

आणि १५.४० हा आकडाही खोटा आहे. 2^21 पदांची खरी बेरीज सुमारे १५.१३३३ आहे. वरचे ०.२७ कुठून आले? k सुमारे ६,९९,०५० पासून 2^21 पर्यंत असताना 1/k हे त्या अंतराच्या अर्ध्यापासून दीडपटीपर्यंत असतं. म्हणून त्यातलं प्रत्येक पद गोळाबेरजेत बरोबर एक पूर्ण अंतर होतं. अशी जवळजवळ चौदा लाख पदं मिळून 1.3333 भर घालतात. खरी भर ln 3 इतकी, म्हणजे 1.0986. जास्तीचे ०.२३ इथेच आले. उरलेले त्याआधीच्या टप्प्यांत अशाच गोळाबेरजेतून.

उलट क्रमाने, म्हणजे लहान पदांपासून मोठ्यांकडे बेरीज केलीत तर float32 मध्येही उत्तर खूप सुधारेल, कारण लहान पदं आधी एकमेकांत मिळून मोठी होतात. float64 घेतलात तरी थांबणं टळत नाही, ते फक्त लांबतं, 2^48 पर्यंत, म्हणजे साधारण 2.8 × 10^14 पदांवर. तिथवर कोणाचा प्रोग्राम जाणार नाही, पण थांबणं तिथेही आहेच.

तळटीप

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. उलट क्रमाने चालवलं, आता ०.५७ च्या आसपास येतंय. पण मग γ चे खूप दशांश हवे असतील तर काय करायचं? a(n) फारच हळू उतरतो. १००० पदांनंतरही तिसऱ्या दशांशावर खात्री नाही.

उंबरठा

इथेही चित्रच मदतीला येतं. a(n) अजून किती उतरायचाय हे सांगणारे तुकडे वक्राखाली, पुढच्या ठेंगण्या आयताच्या वर असतात. ते आपल्या लहान आयताच्या निम्म्याहून थोडे कमी भरतात. तेही रकान्यात सरकवले की एकूण उंची 1/n. म्हणून a(n) − γ हे 1/(2n) पेक्षा थोडं कमी.

तर a(n) मधून 1/(2n) आधीच वजा करा. n = 10 घेऊन पाहू. a(10) = ०.६२६३८३२. त्यातून ०.०५ गेले, ०.५७६३८३२. हे γ पेक्षा थोडं कमी आहे, जसं असायला हवं. पुढची दुरुस्ती 1/(12n²), ती मिळवायची: ०.०००८३३३. उत्तर ०.५७७२१६५. खऱ्या किमतीपासूनचं अंतर दहा लाखात एकापेक्षाही कमी, आणि बेरजेत पदं फक्त दहा. पहिली दुरुस्ती चित्रात दिसते. दुसरी मात्र चित्रातून मिळत नाही, ती ऑयलर–मॅक्लॉरिन सूत्रातून येते.

सोनचाफा

चित्र छान आहे, पण परीक्षेत मी ते लिहिणार नाही. ln म्हणजे 1/x खालचं क्षेत्रफळ हे ज्यांनी व्याख्या म्हणून घेतलंय त्यांना चालेल. आमच्याकडे e ची व्याख्या (1 + 1/k)^k चं लिमिट अशी आहे आणि ln हा e^x चा व्यस्त. तिथे इंटिग्रल अजून शिकवलेलंच नसतं. त्यापेक्षा हे बघा:

(1 + 1/k)^k < e < (1 + 1/k)^(k+1)

लॉग घ्या, पहिल्या भागातून ln(1 + 1/k) < 1/k आणि दुसऱ्यातून ln(1 + 1/k) > 1/(k+1). क्षेत्रफळ कुठेच आलं नाही. ही मला जास्त स्वच्छ सिद्धता वाटते.

उंबरठा

सोनचाफा, तुमची वाट निर्दोष आहे. फक्त डावी बाजू चढती आणि उजवी उतरती हे आधी दाखवावं लागतं, आणि ते करताना तितकीच मेहनत पडते. शिवाय γ > १/२ हे तुमच्या असमानतांमधून सहज हाती लागत नाही.

सोनचाफा

पण प्रश्न १/२ चा नाहीच, लिमिट आहे का एवढाच आहे. तेवढ्यासाठी वक्राचा वाक कशाला आणायचा? माझं मत कायम आहे.

चकवा

एक बाळबोध प्रश्न. रकान्याच्या युक्तीत 1/x चं खास असं काय वापरलं? मला तर वाटतं कुठलाही उतरता वक्र चालेल.

उंबरठा

चकवा, बाळबोध अजिबात नाही. लिमिट असण्यासाठी वक्र धन आणि उतरता असला की पुरे. 1/√x घेऊन पाहा. 1 + 1/√2 + … + 1/√n मधून 1 ते n पर्यंतचं क्षेत्रफळ, म्हणजे 2√n − 2, वजा करा. ही वजाबाकी सुमारे ०.५३९६ कडे जाते. वक्र याच बाजूला वाकलेला आहे, म्हणून तीही १/२ आणि १ च्या मध्येच.

आणि तरीही या संख्यांबद्दल आपल्याला फार कमी ठाऊक आहे. γ परिमेय आहे की अपरिमेय, हे आजवर कोणालाही सिद्ध करता आलेलं नाही.

कातरवेळ

सगळ्यांचे मनापासून आभार. मी सोनचाफा यांच्या असमानता घेऊन माझ्या शब्दांत लिहून काढलंय, कोणी तपासून द्याल का?

"1/(k+1) < ln(1 + 1/k) < 1/k. डाव्या भागामुळे a(n) उतरती. उजव्या भागामुळे b(n) = H(n) − ln(n+1) चढती. प्रत्येक n साठी b(n) < a(n). म्हणून दोन्हींना लिमिट आहे आणि ते एकच आहे."

सोनचाफा

शेवटच्या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. लिमिट आहे हे मिळालं: a(n) उतरती आणि प्रत्येक a(n) > b(n) ≥ b(1) = 1 − ln 2, म्हणून ती खालून बंदिस्त. b(n) ही प्रत्येक वेळी a(1) = 1 च्या खाली. इथपर्यंत ठीक. पण b(n) < a(n) एवढ्यावरून लिमिट एकच असं निघत नाही, दोघींमध्ये फट राहू शकते. त्यासाठी a(n) − b(n) = ln(1 + 1/n) < 1/n ही ओळ हवीच. ती घाला, मग पूर्ण गुण.

कातरवेळ

घातली. शिवाय शेजारी चौरसाचं चित्रही काढून ठेवलंय. गुण मिळोत न मिळोत, ते मी वहीत ठेवणार आहे.